बक्षीसपत्र करून दिलेले घर परत मिळते का? कलम २३ चा अर्ज, पायरीपायरीने

घर मुलाच्या नावावर करून दिले, दस्त नोंदला, आणि वर्षा-दोन वर्षांत जेवणाखाण्याचे, औषधपाण्याचे हाल सुरू झाले. अशा वेळी बहुतेक आई-वडील आधी दुय्यम निबंधक कार्यालयात जातात आणि ‘बक्षीसपत्र रद्द करायचे आहे’ असे सांगतात. तिथून ते हात हलवत परत येतात, कारण नोंदलेले बक्षीसपत्र देणाऱ्याला एकट्याने रद्द करता येत नाही. मुलगा सही करायला तयार असेल तर प्रश्नच मिटला, पण तो तयार असता तर ही वेळ आली नसती.

यातून बाहेर पडायचा वेगळा रस्ता आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मधल्या कलम २३ मध्ये आहे. ‘मुलगा सांभाळत नाही म्हणून दिलेले परत मिळेल’ असे मात्र हे कलम सरसकट म्हणत नाही. मुलाने मूलभूत सुविधा आणि शारीरिक गरजा पुरवायच्या या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि त्याने ते केले नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दडपणाखाली झाले असे कायदा मानतो. फसवणूक वेगळी सिद्ध करावी लागत नाही. देणाऱ्याने मागणी केली की न्यायाधिकरण ते हस्तांतर शून्य ठरवू शकते. सगळे प्रकरण ‘या अटीवर’ या दोन शब्दांवर उभे राहते किंवा पडते. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या अटीवरच आहे.

कायदा देशभराचा आहे. कार्यालयांची नावे इथे महाराष्ट्रातली दिली आहेत.

## १. हे कलम तुम्हाला लागू होते का, ते आधी पाहा

चार गोष्टी तपासायच्या आहेत. त्यांतली एक जरी बसत नसेल तरी पुढचा खर्च आणि धावपळ करण्याआधी थांबा.

पहिली गोष्ट वयाची. कायद्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती. कलमातले शब्द ‘ज्येष्ठ नागरिकाने हस्तांतर केले असेल’ असे आहेत, म्हणजे दस्त करताना तुम्ही साठीच्या पुढे असायला हवे असा त्याचा सरळ अर्थ निघतो. ५६ व्या वर्षी घर देऊन टाकले असेल तर प्रतिपक्ष हा मुद्दा हमखास काढेल. दरमहा चरितार्थाची रक्कम मागायला मात्र आई-वडिलांना वयाची अट नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. हस्तांतर हा कायदा लागू झाल्यानंतरचे हवे. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याआधीच्या बक्षीसपत्राला कलम २३ चा उपयोग नाही, तिथे दिवाणी न्यायालयच.

तिसरी गोष्ट, मालमत्ता तुमची होती का आणि दस्त तुम्हीच केला का. रद्द करून मागण्याचा हक्क देणाऱ्याचा आहे. ‘आईने सगळे भावाला दिले, आम्हाला काहीच नाही’ अशी तक्रार असलेल्या बहिणीला किंवा दुसऱ्या भावाला हे कलम वापरता येत नाही. उलट बाजूने, ज्याला मालमत्ता दिली तो मुलगाच असायला हवा असे नाही. पुतण्याला, भाच्याला, नातवाला दिली असली तरी चालते.

चौथी गोष्ट दस्ताच्या प्रकाराची. कलमात ‘बक्षीस म्हणून किंवा अन्यथा’ असे शब्द आहेत, त्यामुळे हक्कसोडपत्रासारखे दस्तही यात येऊ शकतात. मृत्युपत्राला याची गरज नाही. ते हयातीत कधीही बदलता येते, आणि मृत्यू होईपर्यंत त्याने मालकी जात नाही. कितीतरी घरांत ‘मुलाच्या नावावर केले’ असे म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात नुसते मृत्युपत्र किंवा सोसायटीतले नामनिर्देशन झालेले असते. तसे असेल तर मालक अजून तुम्हीच आहात.

## २. दस्ताची प्रमाणित प्रत काढा आणि शब्दन् शब्द वाचा

मूळ दस्त बहुतेक वेळा मुलाच्या ताब्यात असतो. त्यासाठी अडून बसू नका. ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथे अर्ज करून दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २ चा उतारा मिळतो. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असले की काम लवकर होते. माहीत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मालमत्तेच्या तपशिलावरून शोध घेता येतो. त्याच शोधात मुलाने पुढे घर विकले का, बँकेकडे गहाण ठेवले का, हेही कळते. ते आजच कळलेले बरे.

प्रत हातात आली की सांभाळण्याचा उल्लेख शोधा. तो तीन ठिकाणी सापडू शकतो. एक, दस्ताच्या सुरुवातीला जिथे बक्षीस का देत आहे ते लिहिलेले असते. दोन, मधल्या अटी-शर्तींमध्ये. तीन, शेवटी स्वीकृतीच्या परिच्छेदात, जिथे मुलगा बक्षीस स्वीकारतो.

आता सापडलेल्या वाक्याचा तोल पाहा.

‘लिहून घेणार याने लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावयाचा आहे, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करण्याचा अधिकार लिहून देणार यांना राहील.’ असे वाक्य असेल तर अटीचा प्रश्न जवळजवळ संपला.

‘लिहून घेणार हा माझा सांभाळ करीत आहे व पुढेही करील याची मला खात्री आहे.’ ही अट म्हणून लिहिलेली नाही, पण बक्षीस कशाच्या भरवशावर दिले ते यातून दिसते. याला जोड पुरावा लागेल.

‘प्रेम व आपुलकीपोटी हे बक्षीस देत आहे.’ एवढेच असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे. छापील मसुद्यातले हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बक्षीसपत्रात असते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, त्यामुळे हे दस्त झटपट, तयार नमुन्यावर होतात आणि सांभाळाची अट लिहायची राहून जाते.

आणि ‘हे बक्षीस कायमस्वरूपी, विनाअट दिले आहे’ असे स्पष्ट लिहिले असेल तर या मार्गाने यश मिळणे फार अवघड आहे. तेव्हा चरितार्थाच्या अर्जावर भर द्या.

## ३. अट दस्तात नसेल तर ती पुराव्याने उभी करा

इथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असायलाच हवेत, कारण सुनावणीत दोन्ही बाजू याच दोघांचा आधार घेतात.

पहिला निकाल सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी, ६ डिसेंबर २०२२. आईने हक्कसोडपत्र केले होते आणि न्यायाधिकरणाने ते रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकवला नाही. सांभाळाच्या अटीवर हस्तांतर केले असे आईच्या अर्जात म्हटलेलेच नव्हते आणि तसा पुरावाही नव्हता. न्यायालय म्हणाले की आई-वडील जवळच्यांना मालमत्ता देतात तेव्हा सांभाळाची अट त्याला आपोआप चिकटलेली असतेच असे नाही. पुष्कळदा ते कसलीही अपेक्षा न ठेवता, प्रेमाने देतात. अट होती असे म्हणायचे असेल तर ती न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायला हवी.

दुसरा निकाल उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित, २ जानेवारी २०२५. मध्य प्रदेशातल्या आईने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख दस्तात होता. त्याशिवाय एक वेगळे वचनपत्र होते, ज्यात मुलाने हयातभर सांभाळ करायचा आणि न केल्यास आईला बक्षीस परत घेता येईल असे लिहिले होते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अट बक्षीसपत्रातच नाही म्हणून आईविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द केले आणि आईला ताबा परत देण्यास सांगितले. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावायचा, असेही त्यात म्हटले आहे.

दोन्ही निकाल एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचले की निष्कर्ष असा निघतो: अट बक्षीसपत्राच्या मजकुरात नसली तरी चालू शकते, पण ती कुठेतरी असली पाहिजे, आणि ती तुम्ही अर्जात मांडली पाहिजे. काही उच्च न्यायालयांनी ‘प्रेम व आपुलकी’ या शब्दांतच सांभाळाची अट गृहीत धरली आहे, तर काहींनी अट दस्तातच स्पष्ट हवी असे म्हटले आहे. उदार निकाल अर्जात जरूर जोडा, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

अट दाखवायला काय काय उपयोगी पडते? दस्ताच्या आगेमागे झालेले कोणतेही लेखी कबुलीपत्र, साध्या मुद्रांकावरचे प्रतिज्ञापत्र, मुलाचे पत्र किंवा व्हॉट्सॲपवरचा संदेश. बक्षीसपत्रावर सही करणारे दोन साक्षीदार, कारण दस्ताच्या वेळी काय बोलणे झाले ते त्यांनी ऐकलेले असते. त्याच काळात इतर मुलांनी दिलेली संमती, उदाहरणार्थ ‘आईला दादा सांभाळणार म्हणून घर त्याला द्यायला आमची हरकत नाही’ असे बहिणीने लिहून दिलेले असेल तर तो कागद फार मोलाचा आहे. मोबाइलवरचे संदेश जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र सोबत द्या आणि मूळ मोबाइल जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट दिले की ‘हे बनावट आहेत’ हा आक्षेप ठरलेला.

## ४. सांभाळ केला नाही, हे तारखांनिशी मांडा

अट सिद्ध झाली की दुसरा भाग: मुलाने ती पाळली नाही. कायद्यात चरितार्थ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार येतात. याच चार मथळ्यांखाली लिहा. ‘सून नीट बोलत नाही’, ‘नातवंडांना भेटू देत नाहीत’ ही दुःखे खरी असतात, पण अर्जाची पहिली दोन पाने त्यातच गेली तर अधिकाऱ्याला तो घरगुती भांडणाचा कागद वाटतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण अशा प्रकरणांत दिसणारी गुंतागुंत त्यात आहे.

नाशिकमध्ये राहणाऱ्या ७२ वर्षांच्या आजी. पतीच्या पश्चात दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर होता. मार्च २०२० मध्ये, ६७ वर्षांच्या असताना, त्यांनी तो मुलाला बक्षीस दिला. दस्तात ‘मुलगा माझी सेवा-शुश्रूषा करीत आहे व पुढेही करील या विश्वासाने’ असे वाक्य आहे, रद्द करण्याची अट नाही. २०२३ नंतर मुलाने मधुमेहाची औषधे आणणे बंद केले. जून २०२४ मध्ये आजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला मुलीकडे गेल्या. परत आल्या तर दाराचे कुलूप बदललेले. तेव्हापासून त्या मुलीकडेच आहेत.

मुलगा काय म्हणेल ते आधीच लिहून काढा. तो म्हणेल: दस्तात अट नाही. आई स्वतःहून गेली. मी पैसे देतच होतो. हे सगळे बहीण करवते आहे.

पहिल्या मुद्द्याला उत्तर म्हणजे दस्तातले ते वाक्य, जोडीला बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेल्या शेजाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र, आणि दस्ताच्या आठवड्यात मुलाने बहिणीला पाठवलेला ‘आईची सगळी जबाबदारी आता माझी’ हा संदेश. नुसत्या वाक्यावर प्रकरण डळमळीत राहिले असते, तिन्ही एकत्र आल्यावर ते उभे राहते.

दुसऱ्या मुद्द्यासाठी एक साधी गोष्ट करायची होती, जी बहुतेक जण करत नाहीत. कुलूप बदललेले दिसल्यावर त्याच आठवड्यात मुलाला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, पत्र पाठवायचे: ‘मला माझ्या घरी राहायचे आहे, किल्ली द्यावी, औषधांची व्यवस्था करावी, १५ दिवसांत कळवावे.’ उत्तर आले नाही तर ते नकाराचा पुरावा होते. ‘तू तिकडेच राहा’ असे उत्तर आले तर त्याहून चांगला पुरावा नाही. आणि मुलाने खरोखरच किल्ली दिली, तर घर मोडण्याआधी वाट सापडली.

तिसऱ्या मुद्द्यासाठी आजींच्या बँक पासबुकाची तीन वर्षांची नोंद, औषधांची आणि शस्त्रक्रियेची बिले कोणी भरली त्याच्या पावत्या. बिले मुलीच्या खात्यातून गेली असतील तर तिच्या खात्याचा उतारा.

चौथ्या मुद्द्याला कागद उपयोगी नाही. तिथे आजींनी स्वतः बोलावे लागते. हक्क त्यांचा आहे, म्हणून अर्जावर सही त्यांची हवी, आणि सुनावणीत ‘मला माझे घर परत हवे आहे’ हे त्यांच्या तोंडून यायला हवे. मुलगीच सगळे बोलत राहिली तर बहीण-भावाचा हिश्श्याचा वाद आहे असा समज होतो, आणि तो एकदा झाला की पुसायला कठीण जातो.

## ५. अर्ज कुठे आणि कसा करायचा

न्यायाधिकरण म्हणजे वेगळी इमारत नव्हे. महाराष्ट्रात हे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो, ते पाहतात. काही कागदांवर त्याला निर्वाह न्यायाधिकरण असे लिहितात, काहींवर चरितार्थ न्यायाधिकरण. दोन्ही एकच.

तुम्ही राहता किंवा शेवटचे जिथे राहत होता तिथे, अथवा मुलगा राहतो तिथे अर्ज करता येतो. वरच्या उदाहरणात आजी पुण्यातही करू शकतात आणि नाशिकलाही. प्रवास झेपत असेल तर नाशिक बरे, कारण दस्त, सोसायटी, साक्षीदार आणि पुढे ताबा घेण्याची कारवाई सगळे तिथेच आहे. झेपत नसेल तर पुणे.

अर्जात परिच्छेदांना क्रमांक द्या. स्वतःचे वय आणि पत्ता. मालमत्तेचे पूर्ण वर्णन. दस्त क्रमांक आणि दिनांक. मग पुढील अर्थाचे वाक्य, आणि हे कधीही गाळू नका:

‘सदर बक्षीसपत्र मी, सामनेवाले यांनी माझे अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार हयातभर पुरवावेत या अटीवर करून दिले. ही अट दस्ताच्या पान क्र. … वरील मजकुरावरून व सोबतच्या कागदांवरून दिसून येते. सामनेवाले यांनी दि. … पासून सदर अटीचा भंग केला आहे.’

छिकारा प्रकरणात हेच म्हटलेले नव्हते, हे लक्षात ठेवा.

शेवटी मागण्या. इथे एक मोठी चूक होते: लोक फक्त ‘बक्षीसपत्र रद्द करावे’ एवढेच मागतात. मग आदेश हातात येतो, पण घरात मुलगा तसाच. म्हणून मागण्या स्वतंत्रपणे लिहा: हस्तांतर शून्य ठरवावे, मालमत्तेचा रिकामा ताबा मला द्यावा, अधिकार अभिलेखात माझे नाव पुन्हा लावावे, निकाल होईपर्यंत मालमत्ता विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास मनाई करावी, आणि दरमहा चरितार्थाची रक्कम द्यावी. चरितार्थासाठी कायद्यात दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. ही शेवटची मागणी मुद्दाम ठेवा. अट सिद्ध झाली नाही तरी मुलाची सांभाळण्याची जबाबदारी संपत नाही, आणि तेवढा आदेश तरी पदरात पडतो.

सोबत जोडायचे कागद:

- वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा
- बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २
- बक्षिसाआधी मालमत्ता तुमची होती हे दाखवणारा कागद: खरेदीखत, जुना सातबारा, मालमत्ता पत्रक किंवा सोसायटीचा भाग दाखला
- आजच्या स्थितीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक
- अट दाखवणारे कागद, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे
- औषधांची बिले, रुग्णालयाचे कागद, बँक पासबुक
- मुलाला पाठवलेले पत्र, पोचपावती आणि आलेले उत्तर
- पोलिसांत काही तक्रार दिली असेल तर तिची प्रत

सगळ्याचे तीन संच करा. एक कार्यालयाला, एक सामनेवाल्याला, एक स्वतःला. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.

स्वतः जाणे शक्य नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतक्रमांकावर जवळच्या कार्यालयाची माहिती मिळते.

## ६. सुनावणीत काय होते

या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वकिलाला पक्षकाराच्या वतीने उभे राहता येत नाही. त्यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, पण तुम्ही स्वतः बोलायची तयारी ठेवूनच जा. अर्ज वकिलाकडून लिहून घ्यायला काहीच हरकत नाही. तुमची इच्छा असेल तर शासनाने नेमलेला चरितार्थ अधिकारी तुमची बाजू मांडू शकतो. त्यासाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

न्यायाधिकरण सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. समेटाला तयार राहा, पण ‘मुलगा यापुढे आईला नीट सांभाळेल’ एवढ्या ओळीवर सही करून अर्ज मागे घेऊ नका. समेट करायचाच असेल तर दरमहा किती रक्कम, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, राहायला कोणती खोली, औषधांचा खर्च कोणाकडे, हे लिहून घ्या. आणि सर्वात महत्त्वाचे, ‘याचा भंग झाल्यास बक्षीसपत्र रद्द होण्यास माझी हरकत नाही’ हे वाक्य मुलाच्या सहीने आदेशात येऊ द्या. दस्तात जी अट लिहायची राहिली, ती मिळवायची ही शेवटची संधी असते.

काम संक्षिप्त पद्धतीने चालते, तरी शपथेवर जबाब आणि कागद घेतले जातात. चरितार्थाच्या मागणीवर नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय द्यायचा आहे, आणि विशेष कारण असेल तर एकदाच ३० दिवस वाढवता येतात. बक्षीसपत्र रद्द करण्याच्या मागणीला अशी स्पष्ट मुदत लिहिलेली नाही, म्हणून तारखा लांबत गेल्या तर लेखी विनंती देत राहा.

घरात सून राहत असेल तर तिचा वेगळा विचार होतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क असू शकतो, आणि या ज्येष्ठांच्या कायद्याने तो आपोआप पुसला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एस. वनिता प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. मुलगा-सुनेत वाद असेल तर ही माहिती लपवू नका, नाहीतर ताब्याचा आदेश पुढे अडकतो.

## ७. आदेश झाल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, तीन-चार जास्तीच्या काढा. एक दुय्यम निबंधकाकडे द्या आणि मूळ दस्ताच्या नोंदीवर आदेशाचा शेरा मारण्याची मागणी करा. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी, शहरातली मिळकत असेल तर नगर भूमापन कार्यालयात, फ्लॅट असेल तर सोसायटीला आणि घरपट्टीसाठी महापालिकेला किंवा नगरपालिकेला अर्ज द्या. हे महिनाभरात उरका. अभिलेखात मुलाचेच नाव राहिले तर तो ते दाखवून कर्ज काढू शकतो किंवा विकू शकतो, आणि त्रयस्थ माणूस मध्ये आला की सोपे प्रकरण वर्षानुवर्षांचे होऊन बसते. अर्जाआधीच मालमत्ता विकली गेली असेल तर त्या खरेदीदाराला पक्षकार करायचे की दिवाणी न्यायालयात जायचे, हे दस्त पाहून वकिलाकडूनच ठरवून घ्या.

निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी स्तरावर, अपील करता येते. कायद्याच्या शब्दांत हा अपिलाचा हक्क ज्येष्ठ नागरिक आणि आई-वडिलांनाच दिला आहे. तुमच्या बाजूने निकाल लागला तर मुलगा बहुधा उच्च न्यायालयात जाईल, म्हणून तिथून आलेली कोणतीही नोटीस बाजूला ठेवू नका.

दडपण आणून किंवा फसवून सही घेतली अशी तुमची तक्रार असेल आणि सांभाळाची अट कुठेच नसेल, तर रस्ता दिवाणी दाव्याचा आहे. फसवणूक लक्षात आल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो, त्यामुळे प्रांतांकडचा अर्ज चालू आहे म्हणून ती मुदत निसटू देऊ नका.

## ८. दस्त अजून व्हायचा असेल तर

हा भाग ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी. लेखनिक किंवा वकील तयार मसुदा पुढे करेल तेव्हा त्यात हा परिच्छेद घालायला सांगा:

‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पुरवावयाचे आहेत. याच अटीवर हे बक्षीस दिले आहे. लिहून घेणार यांनी सदर अटीचा भंग केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील. लिहून देणार यांना सदर मिळकतीत हयातभर राहण्याचा हक्क राहील.’

‘मला वाटेल तेव्हा मी हे बक्षीस परत घेईन’ असे मात्र लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीवर रद्द होणारे बक्षीस शून्य ठरते. रद्द होण्याचे कारण मुलाच्या वागण्याशी बांधलेले हवे, तुमच्या इच्छेशी नव्हे. हयातभर राहण्याचा हक्क राखून ठेवला म्हणून बक्षीसपत्र बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा ‘असे लिहिले तर नोंदणी होणार नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मुलाची सही स्वीकृतीच्या परिच्छेदाखाली घ्या, म्हणजे अट त्याला मान्य होती हे त्याच कागदावर राहील. आणि नोंदणी झाल्यावर दस्ताची एक प्रमाणित प्रत त्याच दिवशी स्वतःसाठी मागून घ्या. ती घरातल्या कपाटात ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा.